कावीळ उतरवणाऱ्या घराण्यावरचं सादरीकरण: कोणते प्रश्न विचारावेत?

घाटमाथा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमच्या आजरा भागातल्या एका वाचनालयात गेल्या रविवारी एक सादरीकरण झालं. विषय होता कावीळ उतरवणारं एक घराणं. सादर करणारी मुलगी वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. करतेय आणि ते घराणं तिच्या आईकडचं. तिच्या आजोबांना सगळे अण्णा म्हणतात. बुधवारी आणि रविवारी ते उजाडायच्या आत पाला आणतात, वाटतात आणि अनशापोटी ताकातून देतात. पैसा घेत नाहीत. कुणी नारळ आणला तर तो देवळात ठेवायला सांगतात. तीन पिढ्यांच्या वह्या तिने स्कॅन करून आणल्या होत्या. नाव, गाव, वार, औषध किती वेळा घेतलं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा: "उतरली".

सादरीकरण मनापासून केलेलं होतं. पाला कुठून घ्यायचा, एका झुडपाचा सगळा ओरबाडायचा नाही, कुठल्या महिन्यात हात लावायचा नाही, हे सगळं तिने टिपलंय. शेवटच्या स्लाइडवर मात्र भुईआवळ्याचं चित्र होतं, १९८८ चा एक शोधनिबंध होता आणि वर लिहिलं होतं, "हजारो रुग्ण बरे झाले, आता विज्ञानानेही मान्य केलं."

त्यानंतर जे झालं ते वाईट झालं. एक गृहस्थ उठून म्हणाले, "हा सगळा भोंदूपणा आहे." दुसरे म्हणाले, "इंग्रजांनी आपलं ज्ञान बुडवलं, आता आपणच बुडवतोय." उरलेला सगळा वेळ त्यात गेला. मुलगी रडकुंडीला आली आणि मूळ मुद्द्याचा एकही प्रश्न कुणी विचारला नाही.

पुढच्या महिन्यात हेच सादरीकरण तालुक्याच्या महाविद्यालयात आहे. मी जाणार आहे. अण्णांचा मान राहावा, पण त्या मानाच्या आडून "बरे झाले" हा दावा तसाच पुढे जाऊ नये, असे प्रश्न मला हवेत. माझ्या डोक्यात एकच आहे, "याला शास्त्रीय आधार काय?" पण असा प्रश्न विचारला की समोरचा माणूस दार लावून घेतो. तुम्ही काय विचाराल?

तर्कसंगत

मी बरीच वर्षं चमत्कारांमागचं विज्ञान दाखवण्याचे कार्यक्रम करतोय. तुम्ही थेट विचारा, चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं का होतं? हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो. त्याचा चुन्याशी संयोग झाला की पिवळा रंग येतो. कावीळ नसलेल्या माणसाचे हात धुतले तरी तसाच येतो. माळेचंही तेच. ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफतात, काड्या सुकून बारीक होतात, गाठी सैल पडतात आणि माळ लांबते. लोकांना वाटतं कावीळ माळेत उतरली.

आणि मुख्य म्हणजे कावीळ आपोआपच बरी होते. औषध लागतच नाही. हे एकदा सांगितलं की विषय संपला.

घाटमाथा

तर्कसंगत, अण्णा हात धूत नाहीत आणि माळही घालत नाहीत. डाग देत नाहीत. फक्त पाला देतात. जे ते करतच नाहीत त्याबद्दल विचारलं तर पुढचं कुणी ऐकून घेणार नाही.

निशिगंध

मी पोटविकारांची डॉक्टर आहे. माझ्याकडे येणाऱ्या कावीळच्या पेशंटांपैकी बरेचजण आधी कुठूनतरी पाला घेऊन आलेले असतात, त्यामुळे हा धागा मला जवळचा आहे.

तर्कसंगत, "कावीळ आपोआपच बरी होते" हे तुमचं वाक्य अर्धंच खरं आहे आणि ते तसंच सोडणं धोक्याचं आहे. पावसाळ्यात गावात येणारी कावीळ बहुधा हिपॅटायटिस ए किंवा ई ची असते. दूषित पाण्यातून येते आणि बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण जाते. त्यावर आमच्याकडेही खास औषध नाही. आम्ही विश्रांती, खाणंपिणं आणि लक्ष ठेवणं एवढंच करतो. पण कावीळ हा आजार नाही, ती खूण आहे. पित्ताच्या नळीत खडा अडकला तरी डोळे पिवळे होतात, स्वादुपिंडाची गाठ झाली तरी होतात, दारूने यकृत खराब झालं तरी होतात, क्षयाच्या गोळ्यांनी होतात. "आपोआप बरी होते" हे यांतल्या एकालाही लागू नाही.

घाटमाथा, वहीबद्दलचा माझा पहिला प्रश्न असा असेल: "औषध घ्यायला माणूस आजाराच्या कितव्या दिवशी येतो?" यात कुणाचा अपमान नाही आणि उत्तरात सगळं आहे. या विषाणूंच्या कावीळीत आधी ताप, मळमळ, अन्नावरची वासना जाणं हे होतं. तेव्हा कुणी अण्णांकडे जात नाही, कारण कावीळ आहे हे माहीतच नसतं. डोळे पिवळे दिसतात तोवर ताप उतरत आलेला असतो आणि थोड्याच दिवसांत भूक परतते. म्हणजे माणूस पाला घ्यायला येतो तो आजार वळणावर आलेला असताना. मग बुधवार, रविवार, बुधवार अशी तीन औषधं झाली की आठवडा जातो आणि त्याला खरंच बरं वाटतं. अण्णा खोटं बोलत नाहीत, पेशंटही बोलत नाही. पण पाला न घेता त्या आठवड्यात काय झालं असतं, हे त्या वहीत कुठेच नाही.

शेवंता_६२

इथं काविळीच्या औषधाची चर्चा चाललीय म्हणून विचारते. माझ्या लेकीचं बाळ सहा दिवसांचं आहे, अंग पिवळं दिसतंय. काल नुसता चेहरा होता, आज तळपायही पिवळे वाटतात. दूध ओढायला कंटाळतंय, झोपूनच असतं. सकाळचं कोवळं ऊन देतोय. त्या अण्णांचा पत्ता मिळेल का? इतक्या लहान बाळाला पाला चालतो का?

निशिगंध

शेवंताताई, बाकी सगळं बाजूला ठेवा आणि बाळाला आत्ता, आजच, बालरोगतज्ज्ञाकडे न्या. उद्यावर टाकू नका. पाला, घुटी, ऊन काहीही नको. नवजात बाळाची कावीळ वेगळी असते. बहुतेक बाळांची साधी असते, पण पिवळेपणा तळपायापर्यंत पोचला, बाळ सुस्त झालं, दूध ओढेनासं झालं तर रक्तातल्या पिवळ्या द्रव्याचं, म्हणजे बिलिरुबिनचं, प्रमाण तपासावंच लागतं. ते फार वाढलं तर मेंदूला कायमची इजा होते. वेळेत नेलं तर निळ्या दिव्याखाली ठेवून ते उतरवता येतं. उन्हाने त्या प्रमाणात उतरत नाही. वाटेत बाळाला दूध पाजत राहा. पोचलात की इथे कळवा.

त्रिफळा

मी आयुर्वेदाचा वैद्य आहे, पदवीधर, कोल्हापुरात दवाखाना आहे. आधी एक स्पष्ट करतो. अण्णांची परंपरा आणि मी शिकलो तो आयुर्वेद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सादरीकरणात त्या एकत्र केल्या असतील तर तिथेच पहिला प्रश्न विचारावा.

पण परंपरेत निरीक्षण नव्हतं असं कुणी म्हणू नये. चरकसंहितेत कामलेचे, म्हणजे काविळीचे, दोन प्रकार वेगळे सांगितलेत. त्यांतल्या एकात मळ वाटलेल्या तिळासारखा पांढुरका होतो आणि पित्ताची वाट अडलेली असते, असं वर्णन आहे. आज निशिगंध मॅडम ज्याला अडथळ्याची कावीळ म्हणतील त्याचं लक्षण हेच. पित्त आतड्यात पोचलं नाही की मळाला रंग येत नाही. हे कुणीतरी नुसत्या डोळ्यांनी पाहून, वेगळं काढून लिहून ठेवलं. त्याचं मोल आहे.

मात्र लक्षण अचूक टिपलं म्हणून त्याखाली लिहिलेलं औषध लागू पडतं असं सिद्ध होत नाही. आमच्या लोकांकडून ही गफलत नेहमी होते. तेव्हा अण्णांना मी विचारेन, "कुठली कावीळ तुम्ही हातात घेत नाही? ती कशी ओळखता?" यात त्यांच्या नजरेचा मान राहतो आणि त्यांची मर्यादाही त्यांच्याच तोंडून कळते.

कडूनिंब

त्रिफळा म्हणतात तेच माझ्या भावाला झालं. डोळे पिवळे, अंगाला इतकी खाज की रात्री झोप नाही, आणि संडास पांढरट, ओल्या मातीसारखी. आमच्याकडच्या एका माणसाकडून पाला घेतला. आठवडाभराने पिवळेपणा जरा कमी वाटला म्हणून पुन्हा घेतला. मग एके रात्री थंडी वाजून हुडहुडी भरली, ताप चढला, पोटात वरच्या बाजूला उजवीकडे कळा सुरू झाल्या. रुग्णालयात नेलं तर पित्तनळीत खडा, त्यात पू. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, खडा काढला. वाचला. पण तो अजून म्हणतो, "पाल्याने आधी गुण आला होता."

मला कळत नाही, आधी पिवळेपणा कमी कसा झाला? थोडा तरी गुण असेल ना?

निशिगंध

कडूनिंब, खडा नळीत बुचासारखा घट्ट बसेलच असं नाही. तो हलतो, थोडी वाट मोकळी होते, पित्त उतरतं, पिवळेपणा कमी होतो. मग पुन्हा अडकतो. अशी चढउतार होणारी कावीळ खड्यात नेहमी दिसते. गाठीची कावीळ मात्र सहसा चढतच जाते. तुमच्या भावाच्या बाबतीत पाला न घेताही तेच झालं असतं का, हे एका माणसावरून सांगता येत नाही. पण खाज आणि पांढरी संडास या दोन खुणा दिसल्या की सोनोग्राफी झालीच पाहिजे.

लोकसंचित

मी लोकवैद्यकाच्या नोंदी करण्याचं काम करतो. गावोगावच्या जैवविविधता समित्यांना लोकजैवविविधता नोंदवह्या भरायला मदत करतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याने या वह्यांना आधार दिलाय. तिथे आम्ही झाड, त्याचं स्थानिक नाव, कोण कशासाठी वापरतं, केव्हा तोडतं हे लिहितो. "अमुक रोग बरा होतो" असं लिहीत नाही, "अमुक रोगासाठी वापरतात" असं लिहितो. हा बदल एवढासा दिसतो, पण त्यामुळे वर्षानुवर्षांची भांडणं टळलीत.

माझा आग्रह आहे की या धाग्यात सांस्कृतिक मोल म्हणजे नेमकं काय तेही नीट सांगावं, नाहीतर ते नुसतं तोंडदेखलं कौतुक होईल. अण्णा पैसे घेत नाहीत, त्यामुळे ज्याच्याकडे एसटीच्या भाड्यापलीकडे काही नाही तोही त्यांच्या दारात ताठ मानेने उभा राहतो. झाड तोडण्याच्या नियमांमुळे झाड टिकलंय. माणसाला आठ-पंधरा दिवस शेतावर न जाण्याची, सासरी असलेल्या बाईला विसाव्याची, सगळ्यांना मान्य असलेली परवानगी मिळते. "अण्णांनी सांगितलंय, उठायचं नाही" हे वाक्य डॉक्टरच्या चिठ्ठीपेक्षा घरात जास्त चालतं. यातल्या कशालाही चाचणीची गरज नाही आणि चाचणीत पाला निकामी ठरला तरी यातलं काही खोटं ठरत नाही.

तर्कसंगत

लोकसंचित, हे मला पटतं, आणि मी आधी जे सरसकट लिहिलं ते निशिगंध यांनी सुधारलं ते बरं झालं. पण पथ्याचं काय? हळद नको, तेल नको, पिवळं काही नको, फक्त उसाचा रस. हेही संस्कृती म्हणून सोडून द्यायचं?

निशिगंध

नाही, पथ्य तपासता येतं, आणि तपासावं. हळदीचा काविळीशी संबंध फक्त रंगाचा आहे. मळमळ असताना तेलकट नकोसं वाटतं हे खरं, पण भूक आल्यावरही माणसाला महिनाभर बिनतेलाच्या भातावर ठेवलं तर तो आणखी अशक्त होतो. आणि उसाच्या रसात साखर मिळते म्हणून तो चांगला, पण गाड्यावरचा बर्फ आणि पाणी कुठलं? काविळीचा विषाणू त्याच वाटेने येतो. मी पेशंटला सांगते, ऊस सोलून घरी चावून खा.

पथ्याबद्दल एक गोष्ट अण्णांच्या बाजूची. पुष्कळ वैदू "लघवी निवळली का?" असं विचारतात, डोळे बघत नाहीत. हे बरोबर आहे. रक्तातल्या पिवळ्या रंगाचा काही भाग प्रथिनाला घट्ट चिकटून बसतो आणि तो जायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून आजार गेल्यावरही डोळे पिवळे राहतात. लघवी आधी निवळते. ते निरीक्षण पक्कं आहे.

बकुळा

नमस्कार. ते सादरीकरण माझं. मैत्रिणीने धाग्याचा दुवा पाठवला. सगळं वाचलं. वाचनालयात झालं त्यापेक्षा हे खूप वेगळं आहे, म्हणून उत्तर देते.

त्रिफळा सर, तुमचा प्रश्न मी काल अण्णांना विचारला. ते म्हणाले, पोटुशी बाई आली तर आपण औषध देत नाही. पोट फुगलेला माणूस आला तर देत नाही. बरळायला लागलेल्याला देत नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "ते आपल्या हाताबाहेरचं. माझ्या वडलांनी दोन बायका गेलेल्या बघितल्या." हे मी सादरीकरणात घातलंच नव्हतं, कारण मला वाटलं की त्याने घराण्याला कमीपणा येईल.

निशिगंध मॅडम, वहीबद्दल. शेरा कसा लिहायचे हेही विचारलं. माणूस नारळ ठेवायला आला किंवा निरोप आला की "उतरली". पण बरेच रकाने कोरे आहेत. अण्णा म्हणतात, बरा झालेला माणूस कशाला परत येतो? मी मोजताना कोरे रकानेही उतरलीतच धरले होते.

पाल्याचं नाव मात्र मी इथे सांगणार नाही. सांगितलं की गुण जातो अशी घरात श्रद्धा आहे आणि ती मोडण्याचा अधिकार माझा नाही. त्यात भुईआवळा नाही, एवढं सांगते. ती स्लाइड मी आंतरजालावर शोधून घातली.

निशिगंध

बकुळा, अण्णांना माझा नमस्कार सांग. पोटुशी बाई परत पाठवणं ही त्या घराण्यातली सगळ्यात मोलाची गोष्ट आहे आणि ती पहिल्या स्लाइडवर असायला हवी. हिपॅटायटिस ई साध्या माणसाला सहसा मारत नाही, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाला तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावल्याच्या नोंदी आहेत. बरळणं म्हणजे यकृत निकामी होतंय आणि मेंदूवर परिणाम झालाय. पोट फुगणं म्हणजे बहुधा जुना यकृतविकार. पुस्तक न वाचता तुझ्या पणजोबांनी तीन धोक्याच्या खुणा ओळखल्या.

आता वहीचं एक पान घेऊन बघू. समजा श्रावणातल्या एका पानावर वीस नावं आहेत. बहुतेक शाळकरी पोरं आणि तरुण. दहाजणांपुढे "उतरली", दहा कोरे. पावसाळा आणि वय बघता यातले बहुतेक ए किंवा ई चे असणार आणि गणपतीपर्यंत आपोआप बरे झाले असणार. मग पाल्याचा गुण कितीही असो, शून्य असो की पुष्कळ, पान जवळपास सारखंच दिसेल. म्हणून या पानावरून पाल्याबद्दल काहीच ठरत नाही. जे ठरवायचं ते कोऱ्या रकान्यांत आहे. त्यांत एखादा खड्याचा, एखादा दारूचा, एखादा यकृत निकामी होऊन गेलेला असू शकतो. गेलेला माणूसही नारळ ठेवायला परत येत नाही.

कडूनिंब

पण मॅडम, बिलिरुबिनचे आधीचे आणि नंतरचे रिपोर्ट जोडले तर पुरावा होईल ना? आमच्याकडे पाला देणारा माणूस तसे रिपोर्ट फ्रेम करून लावतो. एसजीपीटी दोन हजारावरून दोनशेवर.

निशिगंध

नाही होणार, आणि यात एक घात आहे. एसजीपीटी म्हणजे यकृताच्या पेशी फुटल्या की रक्तात येणारं द्रव्य. बरं होताना ते उतरतं. पण यकृत इतकं खलास झालं की फुटायला पेशीच उरल्या नाहीत, तरी ते उतरतं. दोन्हींत आकडा दोनशे. फरक कळतो तो रक्त गोठण्याच्या तपासणीत, म्हणजे आयएनआरमध्ये. एसजीपीटी उतरतंय आणि आयएनआर चढतंय तर ती बरी होण्याची खूण नाही, तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यायची वेळ आहे. फ्रेममध्ये आयएनआर आहे का, हे बघा.

त्रिफळा

बकुळा, त्या १९८८ च्या निबंधाबद्दल. तो खरा आहे, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला आहे आणि त्यात ब्लमबर्ग होते, हिपॅटायटिस बी च्या शोधाबद्दल १९७६ चं नोबेल मिळालेले. मद्रासमध्ये काम झालं. भुईआवळ्याची पूड २०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, तीस दिवस. पूड घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण गेली, नुसती साखर घेतल्यासारखं बिनऔषधी चूर्ण मिळालेल्या २३ पैकी एकाची. आमच्या महाविद्यालयात हा निबंध देव्हाऱ्यात ठेवल्यासारखा होता.

पण तीन गोष्टी. ३७ आणि २३ हे गट इतके विषम कसे, हा पहिला प्रश्न. दुसरं, ती माणसं हिपॅटायटिस बी बाळगणारी होती, पिवळ्या डोळ्यांची पावसाळी कावीळ झालेली नव्हती. तुझ्या आजोबांच्या दारात येणारा माणूस तो नाहीच. तिसरं, १९९० मध्ये थायलंडमध्ये आणि १९९४ मध्ये न्यूझीलंडमध्ये करून पाहिलं, तो परिणाम दिसला नाही. २०११ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हाही खात्रीलायक लाभ ठरला नाही. हे सांगताना मला आनंद होत नाही. पण "विज्ञानानेही मान्य केलं" हे वाक्य खरं नाही, आणि तुमच्या औषधात भुईआवळा नसेल तर ती स्लाइड काढच.

उलट बाजूही सांगतो, म्हणजे कुणी म्हणायला नको की परंपरेला कसोटी लावली की ती हरतेच. भगंदरावरचं क्षारसूत्र, म्हणजे क्षाराचा लेप दिलेला औषधी दोरा, घ्या. आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, अनेक केंद्रांवर त्याची शस्त्रक्रियेशी तुलना केली, निष्कर्ष १९९१ मध्ये छापले. जखम भरायला क्षारसूत्राने सुमारे आठ आठवडे लागले, शस्त्रक्रियेने चार. पण वर्षभरात पुन्हा भगंदर होण्याचं प्रमाण क्षारसूत्रात ४ टक्के, शस्त्रक्रियेत ११ टक्के. दोन्ही आकडे छापले, उणाही आणि अधिकही. सर्पगंधेचंही तसंच. मुंबईच्या केईएममध्ये डॉ. रुस्तम वकील यांनी ५० उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरचा अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, तेव्हा जगाने ते झाड हातात घेतलं. पुढे त्याच झाडातल्या द्रव्याने काहींना खोल उदासी येते हेही कळलं. औषध खरं असेल तर त्याचा अपायही खरा असतो.

घाटमाथा

अपायावरून आठवलं. बकुळाने "निसर्गाचं, म्हणून निर्धोक" असंही म्हटलं होतं. त्यावर काय विचारावं?

निशिगंध

विचार की पाला घेतल्यावर कुणाची कावीळ वाढली का, आणि वाढली तर ते वहीत लिहायला रकाना आहे का. गुळवेलीचं ताजं आहे. कोविडच्या काळात लोकांनी ती रोज घेतली. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण छापले, पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांवरचे ४३. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल घेतली गेली असेल असं म्हटलं. हा वाद अजून पुरता मिटलेला नाही, पण ज्याला स्वतःच्याच शरीराने यकृतावर हल्ला करण्याचा आजार आहे त्याने ती टाळावी असं मी सांगते.

बकुळा, म्हणून पाल्याच्या नावाचा प्रश्न सुटत नाही. श्रद्धा मोडू नये हे मला कळतं. पण उद्या अण्णांचा पाला घेतलेला माणूस बेशुद्ध होऊन माझ्याकडे आला, तर त्याच्या पोटात काय गेलंय हे मला रात्री दोन वाजता कळायला हवं.

लोकसंचित

नोंदवहीत गोपनीय भाग ठेवता येतो. झाडाचा नमुना वनस्पतीसंग्रहात नुसत्या क्रमांकाने ठेवायचा, नाव आणि कृती बंद पाकिटात घराण्याकडे, आणि तो क्रमांक तालुक्याच्या रुग्णालयाला माहीत. हे काही ठिकाणी सुचवलंय.

त्रिफळा

बंद पाकीट रात्री दोन वाजता कोण उघडणार? मला हे पटत नाही. औषध म्हणून दुसऱ्याच्या पोटात घालायचं असेल तर त्याला काय घालतोय ते सांगणं भाग आहे. घराण्याचा मान राखायला दुसरे मार्ग आहेत.

शेवंता_६२

काल रात्रीच नेलं बाळाला. तपासलं, प्रमाण जास्त निघालं, दिव्याखाली ठेवलंय. डॉक्टर म्हणाले आलात ते बरं झालं. लेक त्याच्याजवळच आहे. आमच्याकडे सगळ्या पोरांना ऊनच दिलेलं.

बकुळा

शेवंताआजी, वाचून जीव भांड्यात पडला.

शेवटची स्लाइड काढलीय. "बरे झाले" च्या जागी "औषध घेऊन गेले" लिहिलं, आणि "उतरली", "कोरा" असे दोन वेगळे आकडे ठेवले. पहिल्या स्लाइडवर अण्णा कुणाला परत पाठवतात ते. अण्णांना दाखवलं तर म्हणाले, कोरे कशाला दाखवतेस? आईलाही आवडलेलं नाही. पण ठेवणार आहे.

पाल्याच्या नावाचं अजून ठरत नाही. अण्णांनी एक कबूल केलंय: पावसाळ्यापासून येणाऱ्या प्रत्येकाला आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त द्यायला सांगतील, आणि संडासचा रंग विचारतील. कागद आणला नाही तर पाला नाही, असं मी म्हणत होते, त्याला मात्र ते तयार नाहीत. "दारात आलेल्याला रिकामा पाठवत नाही" म्हणतात.

एक विचारायचं आहे. कोऱ्या रकान्यांतली माणसं शोधायची म्हटली तर ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदीशी नावं ताडून बघता येतील का? की आधी त्यांच्या घरच्यांना विचारावं लागेल?

लोकसंचित

आधी घरच्यांना. आणि त्याआधी तुझ्या महाविद्यालयाच्या नीतिसमितीला. माणसांच्या आजाराच्या नोंदी आहेत, झाडांच्या नाहीत. कोणत्या गावांपासून सुरुवात करायची ते मला निरोप पाठवून सांग, दोन समित्यांचे सचिव माझ्या ओळखीचे आहेत.